मुलगा गेल्यावर आई वारस, मग वडील कोण?

तेरावं झाल्यावर बँकेतून फॉर्म येतात. सून ते घेऊन सासऱ्यांकडे येते. आवाजात कसलाही कडवटपणा नसतो. "बाबा, वारसांच्या यादीत तुमचं नाव नाही म्हणाले बँकेतले. मी परत विचारलं, तरी नाहीच म्हणाले."

बँकेतले बरोबर असतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर त्याची मिळकत आधी वर्ग १ च्या वारसांना जाते. त्या वर्गात विधवा, मुलगे, मुली आहेत आणि आईही आहे. वडील मात्र वर्ग २ मध्ये आहेत. वर्ग १ मधला एकही वारस हयात असेल, तर वर्ग २ चा नंबर लागत नाही. म्हणजे मुलगा गेला की आईला सुनेइतकाच हिस्सा मिळतो आणि शेजारी बसलेल्या वडिलांना काहीच नाही. पुष्कळ लोकांचा यावर विश्वास बसत नाही. माझाही पहिल्यांदा कलम वाचताना बसला नव्हता.

पण वारस नाही म्हणजे हक्कच नाही, असं नाही. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका कायद्यात, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात, 'आश्रित' नावाची वेगळी यादी आहे. कलम २१ मधल्या या यादीत पहिलंच नाव वडिलांचं आहे, त्यानंतर आई आणि मग पुनर्विवाह न केलेली विधवा. कलम २२ सांगतं की मयताची मिळकत ज्यांच्या हाती गेली, त्यांनी त्या मिळकतीतून आश्रितांचा निर्वाह करायचा. ज्या आश्रिताला वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने काहीच मिळालं नाही, त्याला मिळकत घेणाऱ्यांकडून निर्वाह मागता येतो. थोडक्यात, आई हिस्सेदार आणि वडील आश्रित. आईने हिस्सा मागायचा, वडिलांनी निर्वाह. दोघांची वाट वेगळी आहे हे सुरुवातीलाच लक्षात आलं, तर निम्मा गोंधळ टळतो. हे सगळं हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे.

आता एक उदाहरण घेऊ. माणसं कल्पित आहेत, पण असे कागद रोज समोर येतात. साताऱ्याकडच्या एका गावात पंचाहत्तरीचे आजोबा राहतात. आजी आधीच गेल्या. एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला होता, शेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. मागे बायको, वीस वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी. मृत्युपत्र नाही.

अशा वेळी आजोबांना कुणीतरी पहिला सल्ला देतं तो प्रांत ऑफिसचा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही आणि निकालही तुलनेने लवकर लागतो. पण त्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, तेही सज्ञान असलेले. सून त्यात नाही. 'नातेवाईक' असा आणखी एक शब्द आहे, पण तो ज्यांना मूलबाळ नाही अशा ज्येष्ठांसाठी आहे. आपल्या आजोबांना तिथे वीस वर्षांच्या नातवावर अर्ज करता येईल. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे, कमाई शून्य.

दुसरा सल्ला मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातल्या पोटगीचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. तिथेही आईवडिलांना मुलगा किंवा मुलीकडून मागता येतं, सुनेकडून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये एका विधवा सुनेच्या बाबतीत हेच स्पष्ट केलं. त्या निकालाच्या बातम्यांचे मथळे असे होते की सासूसासऱ्यांना सुनेकडून कधीच काही मिळत नाही, असं लोकांना वाटलं. तो निकाल १२५ पुरता आहे. आपण ज्या दाराशी उभे आहोत ते कलम २२ चं, म्हणजे वेगळं आहे, कारण इथे मागणी सुनेकडे नाही, मुलाच्या मिळकतीकडे आहे. ती मिळकत आज सुनेच्या हातात आहे, एवढाच तिचा संबंध.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. सून शाळेत नोकरी करते आणि तिला पंचेचाळीस हजार पगार आहे. या दाव्यात त्या पगाराला हात लागत नाही. तिच्या माहेरचे दागिने, तिने स्वतःच्या पैशांतून घेतलेला प्लॉट, यातलं काही मयताचं नाही. मुलगा सरकारी नोकरीत असता आणि तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असतं, तर तेही मिळकतीत धरलं जात नाही, कारण ते नियमांप्रमाणे थेट कुटुंबाला मिळतं, मयताकडून वारशाने येत नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली बायकामुलांच्या नावे काढलेली विमा पॉलिसीही मयताच्या मिळकतीचा भाग नसते. उलट, बँकेतल्या ठेवीवर बायकोचं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणून ती रक्कम मिळकतीबाहेर जात नाही. नॉमिनीने पैसे घ्यायचे असतात ते वारसांच्या वतीने. सोसायटीतल्या नॉमिनेशनचंही तसंच. तेव्हा पहिलं काम म्हणजे मयताच्या नावावर नेमकं काय होतं त्याची यादी करणं: फ्लॅटचा इंडेक्स टू, सोसायटीचा शेअर दाखला, बँकांची खाती, आणि मुख्य म्हणजे कर्जं.

कर्जं मुख्य यासाठी, की दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मयताची कर्जं आश्रिताच्या आधी फेडायची असतात. आपल्या उदाहरणात फ्लॅटची किंमत ८० लाख, ठेव ९ लाख. गृहकर्ज २५ लाख बाकी आणि मित्राकडून चेकने घेतलेले ४ लाख. ८९ मधून २९ गेले, निव्वळ मिळकत ६० लाख उरली. (गृहकर्जाचा विमा काढलेला होता का हे आधी विचारा. असेल तर २५ लाख विमा कंपनी भरते आणि सगळं गणितच बदलतं. हा कागद घरात कुणाला आठवत नाही, बँकेच्या कर्जाच्या फाइलमध्ये सापडतो.) वारस तीन, सून, नातू आणि नात. प्रत्येकाचा हिस्सा २० लाखांचा.

आता रक्कम. आजोबा दाव्यात बारा हजार मागतात. वकीलही लिहून देतात, कारण जास्त मागितलं की मध्यावर ठरतं अशी समजूत आहे. पण कोर्ट कलम २३ मधल्या गोष्टी बघतं: निव्वळ मिळकत किती, आश्रिताच्या वाजवी गरजा काय, त्याचं स्वतःचं उत्पन्न आणि मालमत्ता किती, मयताशी नातं किती जवळचं आणि संबंध कसे होते, आश्रित एकूण किती. मृत्युपत्रात काही दिलं असेल तर तेही.

गरजा कागदावर मांडाव्या लागतात. आजोबांचं किराणा आणि दूध ३,५००. साखर आणि बीपीची औषधं २,५००, मेडिकलच्या बिलांसकट. वीज, गॅस, मोबाइल १,२००. शेजारच्या बाई संध्याकाळची भाकरी करून देतात त्याचे १,३००. एकूण ८,५००. उत्पन्नाकडे श्रावणबाळ योजनेचे १,५०० आणि वीस गुंठे जमीन वाट्याने दिली आहे तिचे वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला हजार. २,५०० वजा केले की तूट ६,००० ची. बारा हजार मागणाऱ्याला उलटतपासणीत ही बेरीज करायला लावतात आणि मग तो गडबडतो. सहा हजार मागून बिलं लावणारा सहसा सहा हजारांच्या जवळपास थांबतो.

सुनेचे वकील पहिल्या तारखेला आजोबांच्या नावाचा सातबारा ऑनलाइन काढून आणतात, हे धरूनच चाला. जमीन लपवली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. संबंध कसे होते हे दाखवायला मोठी भाषणं लागत नाहीत. आजोबांच्या पासबुकात दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला मुलाच्या खात्यातून ४,००० आल्याच्या नोंदी आहेत, सलग तीन वर्षांच्या. मुलगा हयात असताना वडिलांना सांभाळत होता, हे त्या एका पासबुकाने सिद्ध होतं.

"दुसरा मुलगा असता तर?" हे हटकून विचारलं जातं. विधवा मुलगी बापाच्या मिळकतीतून निर्वाह मागते तेव्हा कलम २१ तिला आधी नवऱ्याची मिळकत, मुलं आणि सासरे यांच्याकडे पाठवतं. वडिलांच्या बाबतीत तशी अट लिहिलेली नाही. तरी दुसरा मुलगा त्यांना खरोखर जेवूखाऊ घालत असेल, तर गरजेचा आकडा खाली येतो, आणि कोर्टाने ते बघायलाच हवं.

सहा हजार ठरले, तर ते तिन्ही वारसांवर त्यांच्या हिश्श्यांच्या प्रमाणात पडतात, म्हणजे प्रत्येकी दोन हजार. वर्षाला ७२,०००, निव्वळ मिळकतीच्या सव्वा टक्क्याहूनही कमी. पण इथे कलम २२ चं चौथं पोटकलम मध्ये येतं आणि माझ्या मते या कायद्यातला सगळ्यांत शहाणा भाग तोच आहे. सून आणि अविवाहित नात या दोघीही मयताच्या आश्रितच आहेत. आश्रित असलेल्या वारसाचा हिस्सा त्याच्या स्वतःच्या निर्वाहाला लागणाऱ्या रकमेपेक्षा कमी असेल, किंवा वाटा दिल्यावर कमी होणार असेल, तर त्याने काही द्यायचं नाही.

२० लाखांच्या हिश्श्यात हा प्रश्न फारसा बोचत नाही. पण मयत रिक्षाचालक होता असं समजा. एका खोलीचं घर १४ लाखांचं, कर्ज ५ लाख, निव्वळ ९ लाख, वारस तीन, प्रत्येकी ३ लाख. धाकटी मुलगी दहा वर्षांची. तिच्या शाळेला आणि पोटाला महिना ४,००० धरले आणि फक्त अठराव्या वर्षापर्यंतच मोजलं, तरी ९६ महिन्यांचे ३,८४,००० होतात. तिचा हिस्सा त्याहून कमी आहे. तिच्याकडून आजोबांना एक रुपयाही मिळणार नाही. तिच्या आईबाबतही बहुधा असाच हिशेब निघेल. महिन्याची रक्कम आणि हिश्श्याची किंमत यांची तुलना कशी करायची याचं सूत्र कायद्यात दिलेलं नाही, त्यामुळे असा ढोबळ तक्ता करूनच कोर्टाला दाखवावा लागतो. आपल्या पहिल्या उदाहरणातला वीस वर्षांचा नातू मात्र या ढालीमागे उभा राहू शकत नाही. मुलगा फक्त अज्ञान असेपर्यंत आश्रित असतो.

सून पुढे पुन्हा लग्न करते तेव्हा सासरी चर्चा सुरू होते की आता फ्लॅटमधला तिचा हिस्सा गेला. गेलेला नसतो, वारशाने आलेला हिस्सा तिचाच राहतो. पण हिश्श्याबरोबर आलेली आजोबांची जबाबदारीही तिच्याबरोबरच राहते.

इथवर कायदा आजोबांच्या बाजूने बराच उभा आहे. त्याचा कच्चा दुवा पुढे आहे, आणि तिथे मी लोकांना हरताना पाहिलं आहे. आश्रिताचा हक्क मिळकतीतून निर्वाह मिळण्याचा आहे, पण तेवढ्याने मिळकतीवर बोजा बसत नाही. कलम २७ प्रमाणे बोजा मुख्यतः तीन गोष्टींनी तयार होतो: मृत्युपत्र, कोर्टाचा हुकूमनामा, किंवा आश्रित आणि मिळकतीचे मालक यांच्यातला करार. यातलं काही होण्याआधी वारसांनी फ्लॅट विकला, तर? कलम २८ म्हणतं, ज्याने फुकट घेतला, म्हणजे बक्षीसपत्राने, त्याच्याकडून आश्रिताला वसूल करता येईल. ज्याने मोबदला देऊन घेतला पण आश्रिताचा हक्क आहे हे त्याला माहीत होतं, त्याच्याकडूनही. मोबदला दिला आणि माहीत नव्हतं, तर त्या फ्लॅटकडे बोट दाखवता येत नाही.

म्हणून सगळी धडपड असते ती पुढच्या खरेदीदाराला 'माहीत होतं' हे कागदावर आणण्याची. आपल्याकडे फ्लॅट घेताना खरेदीदाराचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, 'सदर मिळकतीत कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे'. ती नोटीस बारीक अक्षरात, आतल्या पानावर असते. गावातल्या आजोबांना ती दिसण्याची शक्यता नाहीच. पुण्यात कुणी ओळखीचं असेल तर त्याला सांगून ठेवावं, आणि नोटीस दिसली की त्या वकिलाला रजिस्टर्ड पोस्टाने हरकत पाठवावी, पोचपावती जपून ठेवावी. नोटिशीची वाट न बघताही वारसांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवता येतं. सोसायटी त्यावर फारसं काही करू शकत नाही, पण ना-हरकत दाखला मागायला आलेल्या माणसाला ते पत्र फाइलमध्ये दिसतं. दावा लावल्यावर मिळकत विकू नये अशी तात्पुरती मनाई मागायची, आणि दाव्याच्या मागण्यांमध्ये 'निर्वाहाच्या रकमेचा बोजा फ्लॅटवर ठेवावा' हे वाक्य लिहायला विसरायचं नाही. मिळकत मुंबईत असेल, तर दावा चालू असल्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागते, नाहीतर प्रलंबित दाव्याचं संरक्षण नीट मिळत नाही.

वसुलीच्या बाबतीत वेळही महत्त्वाचा आहे. थकलेल्या निर्वाहाचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. 'वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू' म्हणत लोक थांबतात, मग 'नातीची दहावी होऊ दे' होतं. मागणीची पहिली नोटीस तरी लवकर पाठवून ठेवावी, तिच्यातली तारीख पुढे कामाला येते.

याच कलमांची दुसरी बाजू विधवेची आहे. नवऱ्याने मृत्युपत्रात सगळं थोरल्या मुलाला लिहून दिलं आणि बायकोचा उल्लेखही केला नाही, हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. 'मुलगा आईला बघेलच' हा त्यामागचा विचार असतो. स्वकष्टार्जित मिळकतीचं असं मृत्युपत्र करायला कायद्याची मनाई नाही. बायकोचा वारसाहक्क त्याने जातो, आश्रिताचा हक्क मात्र जात नाही. तिने मृत्युपत्र खोटं आहे असं सिद्ध करण्यात वर्षं घालवण्याआधी, ते खरं मानलं तरी कलम २२ खाली काय मिळेल, हे वकिलाला विचारावं. अडचण येते ती मृत्युपत्रात तिला नाममात्र काही दिलेलं असतं तेव्हा. 'पत्नीस एक लाख रुपये' असं एक वाक्य असेल, तर मुलाचे वकील म्हणतात की तिला हिस्सा मिळाला, आता ती निर्वाह मागूच शकत नाही. हा वाद ज्या दाव्यात निघतो त्यात तो मोठा होतो. स्त्रीला महाराष्ट्रात निर्वाहाच्या दाव्यासाठी कोर्ट फी भरावी लागत नाही, राज्य सरकारच्या १९९४ च्या अधिसूचनेने ती माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकीलही तिला उत्पन्नाची अट न घालता मिळतो.

गोव्यात हे सगळं वेगळ्या रस्त्याने जातं. तिथे सर्वसाधारणपणे लग्नाबरोबर मालमत्तेची अर्धी मालकी जोडीदाराची होते, आणि उरलेल्यापैकी अर्ध्या भागाचंच मृत्युपत्र करता येतं, त्यामुळे विधवेला पूर्ण वगळणं मुळातच जमत नाही.

आपल्या आजोबांकडे परत येऊ. असे दावे बहुतेकदा तडजोडीत मिटतात, आणि मिटलेले बरे, कारण सुनेशी भांडताना आजोबा नातवंडांशीही भांडत असतात. त्यांच्या बाबतीत एक तडजोड अशी होऊ शकते. ठेवीच्या ९ लाखांतून मित्राचे ४ लाख फेडायचे. उरलेले ५ लाख आजोबांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १०,२५० मिळतात, म्हणजे महिन्याला ३,४०० च्या आसपास. राहिलेले २,६०० सून दर महिन्याला खात्यावर टाकेल. त्या २,६०० पुरता बोजा फ्लॅटवर राहील, आणि पुढे फ्लॅट विकायची वेळ आली तर आणखी काही रक्कम आजोबांच्या नावे ठेवून बोजा उतरवता येईल. आजोबांच्या मागे ते ५ लाख नातवंडांना जावेत, असं आजोबा मृत्युपत्र करतील. खात्यावर नातीचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण नॉमिनीची गोष्ट वर आलीच आहे.

एवढं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या की वकिलाने एक अर्ज वेगळा द्यायचा असतो, आणि घाईत तोच राहतो. नात सोळा वर्षांची आहे, आणि त्या ५ लाखांत तिचाही तिसरा हिस्सा आहे. अज्ञान मुलीच्या वतीने तडजोड करायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ प्रमाणे कोर्टाची आधी परवानगी लागते. आई सही करते म्हणून ती आपोआप मिळत नाही. परवानगी न घेता झालेली तडजोड नात अठराची झाल्यावर रद्द करून मागू शकते, आणि तेव्हा आजोबा ऐंशीच्या घरात असतील.